थकीत शून्य

महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आमच्या अमरावतीच्या ऑफिसात आलूबोंडे यायचे. सोबत कढी, वेगळ्या पिशवीत. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, आणि आम्ही सहा-सात जण एका हाताने खायचो आणि दुसऱ्या हाताने तारखा पुढे सरकवायचो. आजही आलूबोंड्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं पित्त झालंय.

मी दवाखान्यातली यंत्रं सांभाळणारी तंत्रज्ञ. सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची देखभाल ज्या कंपनीकडे होती, त्या कंपनीत होते. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे चालू असलेलं यंत्र ठरलेल्या तारखेला उघडायचं, पुसायचं, मोजून पाहायचं, अलार्म वाजतो की नाही ते बघायचं आणि परत लावायचं. हे काम कोणालाच दिसत नाही. नीट केलं तर काहीच घडत नाही, त्यामुळे कोणी शाबासकीही देत नाही.

प्रत्येक यंत्रावर नंबर आणि एक स्टिकर. स्टिकरवर देखभाल केल्याची तारीख, पुढची तारीख आणि सही. तेच सगळं कॉम्प्युटरवर. एका ओळीत एक यंत्र, समोर देखभालीची तारीख, त्यापुढे स्थिती: बाकी किंवा पूर्ण. तारीख उलटून गेली आणि स्थिती बाकीच असेल, तर ओळ लाल व्हायची आणि वरच्या कोपऱ्यातला थकीतचा आकडा एकाने वाढायचा. तो आकडा दर महिन्याच्या आढाव्यात भिंतीवर मोठा करून दाखवत. आमच्या सरांना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, त्या आकड्याची इतकी धास्ती होती की वॉर्डातल्या रुग्णांची तितकी धास्ती मी कोणाला घेताना पाहिलं नाही.

हे पत्रक ज्याने बनवलं तो माणूस शहाणा असणार. त्याने त्यात एक सोय ठेवली होती: ‘यंत्र वापरात’. तुम्ही दवाखान्यात गेलात आणि यंत्राला रुग्ण लावलेला असेल तर त्याला उचलून बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा ‘वापरात’ निवडायचं आणि नवी तारीख टाकायची. सोय चांगलीच. गडबड एवढीच होती, की नवी तारीख टाकली की जुनी पडद्यावरून पुसली जायची. ओळ पांढरी व्हायची, थकीतचा आकडा एकाने उतरायचा. काम झालेलं नसायचं, आणि थकीतही काही नसायचं. सरांनी हे हेरलं आणि त्याचा रिवाज करून टाकला. महिनाअखेरीला ज्या ज्या ओळी लाल, त्या त्या ‘वापरात’. यंत्रापाशी कोणी गेलेलंही नसायचं. आमच्या ऑफिसचा थकीत आकडा सलग कितीतरी महिने शून्य होता आणि आढाव्यात बाकीच्या जिल्ह्यांना आमचं उदाहरण देत.

माझे वडील अकोल्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, भिंतीवर काळा फळा होता. गाडीचा नंबर आणि ती कधी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायची ती तारीख. तारीख उलटली की वडील त्या नंबराभोवती लाल खडूने गोल काढायचे, आणि गोल पुसेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जायची नाही. प्रवासी ओरडायचे, डेपो मॅनेजर ओरडायचा. वडील शांतपणे बिडी ओढत गाडीखाली शिरायचे. त्यांची पोरगी मी, आणि मी कढी पीत पीत तारखा पुसत होते. दुसऱ्यांवर चिडण्याआधी हे लिहून ठेवते.

माझ्याकडे धारणीचा दवाखाना होता. अमरावतीहून पहाटेची बस, परतवाड्याला चहा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल. पोचेपर्यंत कंबर बोलायला लागायची. परतीची बस दोनला. मधल्या वेळात दवाखान्यातली सगळी यंत्रं उरकायची, म्हणजे एकेकाला दहा मिनिटंही धड मिळत नसत.

नवजात बाळांच्या खोलीत चार वॉर्मर होते. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा पाळणा. बाळाच्या पोटावर एक छोटी वायर चिकटवतात, तिला प्रोब म्हणतात. प्रोब कातडीचं तापमान मोजतो आणि यंत्र त्यावरून ऊब कमी-जास्त करतं. सगळी भिस्त त्या प्रोबवर. तो कमी दाखवायला लागला, तर बाळ तापलेलं असतानाही यंत्राला वाटतं की ते गार आहे, आणि ते आणखी ऊब ओततं. अलार्मही वाजत नाही, कारण अलार्मसुद्धा त्याच प्रोबचं ऐकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी दुसऱ्या खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून पाहायचं असतं.

तीन नंबरचा वॉर्मर दाराजवळ होता. तिथून टेबल जवळ, उजेड चांगला, म्हणून सगळ्यात नाजूक बाळ तिथेच ठेवत. म्हणजे तो कधीच रिकामा नसे. नीट बघितलं तर आमच्या पद्धतीत हेच व्हायचं होतं. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या यंत्राची देखभाल अगदी वेळेवर, कारण ते मोकळंच. आणि ज्याच्यावर बाळ जगतंय, ते सदा वापरात, सदा पुढे ढकललेलं. हे कळायला फार हुशारी लागत नाही. आम्हाला कळत होतं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या अकोटकडच्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आवाज खणखणीत, बोलणं सरळ. कागदाच्या बाबतीत फार कडक. आम्ही गेलो की भेटीची पावती करायची असे, पांढरी आमची आणि गुलाबी कार्बनची प्रत दवाखान्याची. बाकी ठिकाणी ती गुलाबी प्रत औषधाच्या पुड्या बांधायला जाते. सिस्टर ती भोक पाडून फाइलला लावायच्या.

होळीनंतर तीन नंबरची तारीख होती. मी गेले तर त्यावर बाळ. पावतीवर लिहिलं: यंत्र वापरात. पुढच्या खेपेला पुन्हा बाळ, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सिस्टरच म्हणाल्या की एक तास थांब, एक नंबरवरच्या बाळाला त्याची आई छातीशी धरून बसणार आहे, तेवढ्यात मी तीनचं बाळ तिकडे हलवते. मी घड्याळ पाहिलं. दीड वाजत आला होता. मी म्हणाले, माझी दोनची बस आहे, पुढच्या वेळी नक्की. त्यांनी पावतीवर सही केली. आणि त्यानंतर दोन महिने मला दुसरीकडे पाठवलं. तीन नंबरची ओळ दोनदा लाल झाली आणि दोन्ही वेळा मी ती अमरावतीत बसून पांढरी केली.

मग सिस्टरचा फोन आला. म्हणाल्या की तीन नंबरवर जे बाळ ठेवावं त्याला ताप भरून राहिला आहे. काखेत थर्मामीटर लावला तर ताप, आणि यंत्र मात्र सगळं ठीक दाखवतं. त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. यंत्रातला दोष त्यांनी जणू माझ्या हातातच आणून ठेवला होता. मी तेव्हा चांदूरबाजारच्या दवाखान्यात अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या झाकणाशी झटत होते, हात काळे, फोन खांद्यात. मी म्हणाले, प्रोब नीट चिकटला नसेल, सैल असला की कमी दाखवतो, घट्ट लावा. आणि सैल प्रोब कमी दाखवतो हे खोटं नाही. म्हणूनच तर ते इतकं सोयीचं होतं. संध्याकाळी मी तक्रार बंद केली आणि शेऱ्यात लिहिलं: ‘वापरणाऱ्यांना प्रोब योग्य रीतीने लावण्याची सूचना दिली.’

मी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

महिनाभराने वरून विचारणा झाली की धारणीत इतक्या नवजात बाळांना ताप कसा, आणि इतकी अँटिबायोटिक्स का दिली. चौकशी करणाऱ्यांनी आमचं पत्रक उघडलं. तीन नंबर: देखभालीची तारीख अजून यायची आहे, थकीत शून्य. तक्रार एक, तीही बंद, आणि शेऱ्यात स्पष्ट लिहिलेलं की दोष यंत्राचा नाही, लावणाऱ्यांचा. झालं. सिस्टरना कारणे दाखवा नोटीस. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर, की तुम्हाला प्रोब चिकटवता येत नाही. सेवापुस्तकात नोंद का करू नये याचा खुलासा सात दिवसांत द्या. पुरावा माझा शेरा.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ते अगदी साळसूदपणे बोलत होते. उद्या धारणीला जायचं, तीन नंबरचं काम करून टाकायचं. काम झाल्याची तारीख पत्रकात हातानेच टाकायची असते, ती गेल्या महिन्याची टाकायची, नोटिशीच्या आधीची. आणि जुना स्टिकर काढून नवा लावायचा. त्यांनी ड्रॉवरमधून स्टिकरचं कोरं बंडल काढून माझ्या हातात दिलं. मी विचारलं की सिस्टरचं काय. ते म्हणाले की सिस्टर सरकारी आहेत, त्यांचं काही होत नसतं, असल्या नोटिसा येतात आणि जातात. स्वतःच्या अंगाशी आलं असतं तर हाच माणूस रात्रभर झोपला नसता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरीही मी बंडल पिशवीत टाकलं. तेव्हाच ते टेबलावर आपटायला हवं होतं.

धारणीला पोचले तेव्हा तीन नंबर रिकामा होता. सिस्टरनी त्यावर पांढरी चादर टाकून वर चिठ्ठी लावली होती: वापरू नये. दवाखान्यात तीनच वॉर्मर उरले होते, आणि एका पाळण्यावर दोन बाळं आडवी ठेवलेली. त्यातलं एक आधी तीन नंबरवर होतं. त्याची कोरकू आई भिंतीला टेकून बसली होती, अगदी पोरसवदा. बाळाच्या दोन्ही हातांवर सुयांचे निळे डाग होते. हातांवर जागा उरली नाही तेव्हा एक सुई पायात लावलेली. सात दिवस औषध, सात दिवस आईपासून दूर, आणि त्याला झालेलं काहीच नव्हतं. त्याला फक्त गरम होत होतं.

मी प्रोब काढला, माझ्या थर्मामीटरचं टोक त्याच्या शेजारी बांधलं, दोन्ही कोमट पाण्यात धरले आणि आकडे थांबेपर्यंत वाट पाहिली. प्रोब जवळजवळ दोन अंशांनी कमी दाखवत होता. पुन्हा पाहिलं, तेच. नवा प्रोब लावला, तो बरोबर. सगळ्या कामाला पाऊण तास लागला. होळीनंतर मला न सापडलेला तो पाऊण तास.

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी वही आणली. तीन नंबरवर कोणतं बाळ कधी ठेवलं, काखेतला ताप किती, यंत्रावर किती, आणि दुसऱ्या पाळण्यावर हलवल्यावर किती वेळात उतरला, सगळं निळ्या शाईत. दुसऱ्या पाळण्यावर दुपारपर्यंत प्रत्येकाचा ताप उतरलेला. ही वही त्यांनी नव्या डॉक्टरांना दाखवली होती, पण डॉक्टर म्हणाले की यंत्राची देखभाल झालेली दिसते, औषध थांबवून धोका कशाला घ्या. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. त्यांनी पाहिलं ते आमचं शून्य.

मग सिस्टर म्हणाल्या, “मले इतकंच सांग. म्या प्रोब सैल लावला का?”

“नाही,” मी म्हणाले.

“मंग तसं काहून लिवलं तू?”

मी स्टिकरचं बंडल पिशवीतून काढलं, आणि ते कशासाठी दिलंय ते त्यांना सांगितलं. जुना स्टिकर यंत्रावर तसाच होता. पुढची तारीख होळीनंतरची, खाली माझी सही. पत्रकातली तारीख मी पाच वेळा सरकवली होती, पण स्टिकरवरची सरकवायला धारणीला यावं लागत होतं, म्हणून ती वाचली. सिस्टरनी फाइल उघडली. तीन गुलाबी पावत्या, तिन्हींवर ‘यंत्र वापरात’, तिन्हींवर आम्हा दोघींच्या सह्या. तिसरीवर त्यांनी सहीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: एक तास थांबण्यास सांगितले, थांबल्या नाहीत. मी ते तेव्हा वाचलंही नव्हतं.

मी पत्रकात काम झाल्याची तारीख त्या दिवसाचीच टाकली. शेऱ्यात लिहिलं की प्रोब सदोष आढळला, फरक किती, बदलला, आणि आधीच्या तक्रारीचा शेरा यंत्र न पाहता लिहिला होता. जुना स्टिकर मी काढला नाही. नवा त्याच्या शेजारी लावला. सरांचा फोन सेमाडोहच्या पुढे, रेंज आल्याबरोबर आला. ते काय काय बोलले ते लिहीत नाही. मी म्हणाले की लिहिलंय ते खरं आहे, बदलायचं तर तुमच्या लॉगिनने बदला. त्यांनी बदललं नाही. स्वतःच्या नावाने खोटं लिहायला लागतं म्हटल्यावर भलेभले नियम पाळतात.

चौकशी अमरावतीला झाली. समोर एक वरिष्ठ डॉक्टर बाई, चष्मा नाकावर, फार कमी बोलणाऱ्या. सिस्टरनी वही आणि पावत्या ठेवल्या, मी प्रोब आणि मोजमाप ठेवलं. डॉक्टर बाईंनी विचारलं की तारीख पाच वेळा सरकवली म्हणता, तर पावत्या तीनच कशा. बाकी दोन वेळा यंत्र वापरात आहे हे मला कसं कळलं?

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “कळलं नाही. त्या दोन्ही वेळी मी इथे ऑफिसात बसून नाश्ता करत होते.”

मग डॉक्टर बाईंनी विचारलं की अशी आणखी किती यंत्रं. मी सांगितलं की पडद्यावर दिसणार नाहीत, स्टिकर बघावे लागतील. सरांनी लगेच हात वर केले. तंत्रज्ञ काय निवडतात हे मला कसं दिसणार, म्हणाले. आलूबोंड्यांची ऑर्डर मात्र तेच द्यायचे, आणि ते मी तिथे बोलले नाही याचा मला अजून राग येतो.

सिस्टरची नोटीस रद्द झाली. मला लेखी समज मिळाली, आणि ती योग्यच होती. सरांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, तिथला थकीत आकडाही आता शून्य आहे असं ऐकते. त्या बाळाच्या सात दिवसांसाठी पत्रकात रकानाच नव्हता, त्यामुळे त्यांचं काही झालं नाही.

चौकशीच्या दिवशी बाहेर आल्यावर मी सिस्टरच्या पायाशी वाकायला गेले. त्यांनी खांद्याला धरून मला उभं केलं.

“तू खरं बोलली, बरं केलं,” त्या म्हणाल्या. “पन त्या दिवशी तासभर थांबली असती, तं तुले खरं बोलाचं कामच पडलं नसतं.” मग पिशवी सावरत त्यांनी धारणीची बस कुठे लागते ते विचारलं, आणि मी त्यांना स्टँडपर्यंत सोडलं.

त्या महिन्यात आम्ही दवाखाने फिरून एकेक स्टिकर वाचला आणि पत्रकात खऱ्या तारखा परत भरल्या. महिनाअखेरीला पडदा वरपासून खालपर्यंत लाल होता. आढाव्यात आकडा भिंतीवर मोठा करून दाखवला. आढावा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, हे धारणीचं एवढं थकीत कोणाकडे आहे?

मी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्याकडे.